स्टार-डेल्टा असूनही चेंजओव्हरला एमसीसीबी का उडतो? मकरपुऱ्यातल्या ५० एचपी ब्लोअरची तपासणी

माझ्या आतेभावाचं वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, छोटं युनिट आहे. धूळ ओढायला ३७ किलोवॅटचा, म्हणजे ५० एचपीचा सेंट्रिफ्युगल ब्लोअर, बेल्टवर चालणारा. पॅनेलमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू करायची आणि काही सेकंदांनी डेल्टा जोडणीत टाकायची. हा बदल म्हणजे चेंजओव्हर. दिवाळीनंतर त्याचा दर आठवड्याला फोन. "दादा, सकाळी बटण दाबलं की सहा सेकंद ठीक, मग धाडकन आवाज आणि एमसीसीबी खाली. तीनदा दाबलं की एकदा उचलतो." शेजारच्या लेथवाल्याचे दिवे त्याच वेळी पिवळे पडायचे, त्यामुळे त्याचंही बोलणं खावं लागायचं.

आधीच्या वायरमनने दोन उपाय करून ठेवले होते. एमसीसीबी म्हणजे जास्त करंट आला की पुरवठा तोडणारा ब्रेकर. किती करंटला तो झटक्यात उडेल ते ठरवणारी त्याची मॅग्नेटिक सेटिंग शेवटच्या खुणेपर्यंत वाढवली होती आणि "स्टार-डेल्टा जुनी गोष्ट आहे शेठ, सॉफ्ट स्टार्टर घ्या" असं सांगून ठेवलं होतं. आतेभाऊ कोटेशन मागवायच्या बेतात होता. मी म्हटलं, थांब, एक रविवार दे.

आधी स्टारमध्ये करंट कमी का होतो ते नीट बघू, कारण बिघाड त्यातच लपलेला होता.

मोटर थांबलेली असताना ती जवळजवळ सेकंडरी शॉर्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरसारखी असते. रोटर फिरत नाही, म्हणजे उलट विरोध करणारं व्होल्टेज तयार होत नाही, आणि वाइंडिंग मिळेल तेवढा करंट ओढते. या मोटरच्या प्लेटवर फुल लोड ६६ अँपिअर आहे. थेट, म्हणजे डीओएलने सुरू केली तर साडेसहा पट, सुमारे ४३० अँपिअर. युनिटला पुरवठा करणारा ट्रान्सफॉर्मर २०० केव्हीएचा. त्याचा स्वतःचा फुल लोडच २७८ अँपिअर. साडेचार टक्के इम्पिडन्स धरला तर ४३० अँपिअरला ट्रान्सफॉर्मरवरच साधारण सात टक्के व्होल्टेज पडतं, केबलचं वेगळं. शेजाऱ्याचे दिवे पिवळे का होतात ते इथे कळतं.

आता स्टार. डेल्टात प्रत्येक वाइंडिंगवर पूर्ण ४१५ व्होल्ट येतात. स्टारमध्ये तेच ४१५ भागिले १.७३२, म्हणजे २४०. व्होल्टेज घटलं तसा वाइंडिंगमधला करंटही तितकाच घटतो. ही झाली पहिली घट. दुसरी घट जोडणीमुळे होते. डेल्टात लाइनमधून येणारा करंट दोन वाइंडिंगमध्ये वाटला जातो, म्हणून लाइनचा करंट वाइंडिंगच्या १.७३२ पट असतो. स्टारमध्ये लाइन आणि वाइंडिंग एकामागे एक, दोन्हींत करंट तोच. या मोटरचा हिशेब मांडला तर डेल्टात वाइंडिंगमध्ये २४८ आणि लाइनमध्ये ४३०, स्टारमध्ये वाइंडिंगमध्ये १४३ आणि लाइनमध्येही १४३. दोनदा १.७३२ ने भागलं म्हणून तीनने भागलं गेलं. "स्टारमध्ये एक तृतीयांश" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण एक घट व्होल्टेजची आणि दुसरी जोडणीची हे लक्षात ठेवा. पुढे सॉफ्ट स्टार्टरच्या वेळी कामाला येईल.

याची किंमत टॉर्कमध्ये मोजावी लागते. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणजे तोही एक तृतीयांश. आणि दुसरी गोष्ट, जी पॅनेल बनवणारेही विसरतात: मोटर वेग घेऊ लागली की करंट वेगाच्या प्रमाणात हळूहळू उतरत नाही. अर्ध्या वेगालाही तो जवळपास सुरुवातीइतकाच असतो. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के वेग ओलांडल्यावर मात्र भराभर खाली येतो. त्यामुळे मोटर अर्धवट वेगात असताना डेल्टाला टाकली, तर डीओएलचाच झटका बसतो, फक्त सहा सेकंद उशिरा.

रविवारी पॅनेल उघडलं तेव्हा डेल्टा कॉन्टॅक्टरच्या संपर्कांवर तांब्याचे बारीक मणी झालेले दिसले आणि आर्क चेंबरला काजळी. स्टारचा कॉन्टॅक्टर मात्र बऱ्यापैकी स्वच्छ. म्हणजे त्रास स्टारचा नव्हता, डेल्टा जोडताना होत होता. टायमर सहा सेकंदांवर. का, विचारलं तर ऑपरेटर म्हणाला, "पहिल्यापासून तेवढंच आहे." कदाचित दुसऱ्याच कुठल्या पंपाच्या पॅनेलवरून उचललेला आकडा.

मी टायमर वीस सेकंदांवर नेला, शाफ्टवर टॅकोमीटर धरला, एका फेजवर क्लॅम्प मीटर लावला आणि ऑपरेटरला रोजच्यासारखं बटण दाबायला सांगितलं. करंट १४३ च्या आसपास चढला. सहाव्या सेकंदाला वेग ८५० आरपीएम. मोटर चार पोलची, पूर्ण वेग १४७५, म्हणजे रोज चेंजओव्हर होत होता तो ५८ टक्के वेगाला. तेव्हा स्टारचा करंट १३७. त्याच क्षणी डेल्टात गेला असता तर तिप्पट, ४१० च्या पुढे.

पण खरी गंमत त्यानंतर झाली. वाटलं होतं वेळ दिला की वेग येईल. पंधराव्या सेकंदाला वेग ११३० झाला आणि तिथेच अडकला. काटा १२२ वर, हलेना. बेल्टमधून हलकी किंचाळी. मी अठराव्या सेकंदाला स्टॉप दाबला. असं अडकलेल्या अवस्थेत मोटर जास्त ठेवू नका. रोटर तापत असतो आणि पंखा अर्धवट वेगात असल्याने थंडावाही कमी. पुन्हा प्रयत्न करण्याआधी अर्धा तास थांबलो, चहा प्यायलो.

म्हणजे टायमर वाढवणं हा एकट्याने उपाय नव्हता. ब्लोअरला लागणारा टॉर्क वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. स्टारमध्ये मोटरकडे टॉर्कच एक तृतीयांश, त्यामुळे ११३० ला दोघांचं बरोबर जुळलं आणि वेग घ्यायला जास्तीचं काही उरलं नाही. मग ब्लोअरच्या तोंडाशी गेलो. डॅम्पर पूर्ण उघडा, आणि त्याच्या दांड्यावर गंज इतका की महिनोन्महिने कोणी हात लावला नसावा. ऑपरेटरला विचारलं. म्हणाला, "पूर्वी बंद करून चालू करायचे, मग नवा माणूस आला." दिवाळीनंतर का सुरू झालं त्याचं उत्तर मिळालं.

दांडा रॉकेल मारून मोकळा केला, डॅम्पर बंद केला आणि पुन्हा सुरू केलं. या वेळी अकराव्या सेकंदापर्यंत काटा १२०-१३० च्या दरम्यान, आणि मग तो पडला. अक्षरशः पडला. दोन सेकंदांत १२० वरून ३० वर येऊन स्थिर. टॅकोमीटर १४५५. टायमर चौदा सेकंदांवर ठेवला.

तुमच्याकडे टॅकोमीटर नसेल तरी चालेल. पॅनेलवरचा साधा काट्याचा अँपमीटर बघत उभे राहा. स्टारमध्ये काटा वर चढेल, बराच वेळ वर राहील, मग एकदम पडून स्थिरावेल. तो स्थिरावल्यावर एखाद सेकंदाने चेंजओव्हर व्हायला हवा. पडण्याआधी होत असेल तर टायमर कमी आहे. पडतच नसेल तर लोड जास्त आहे आणि टायमर कितीही वाढवून उपयोग नाही. पडून बराच वेळ झाला तरी मोटर स्टारमध्येच असेल, तर मग पूर्ण लोड येताच स्टारमध्ये तापेल. डिजिटल क्लॅम्प मीटर असेल तर आकडे पळताना दिसतात, पण काटा जे सांगतो ते डोळ्याला लगेच कळतं, हे माझं जुन्या पद्धतीचं मत.

आता एमसीसीबी. तो १०० अँपिअरचा होता, मॅग्नेटिक सेटिंग दहा पट, म्हणजे १००० अँपिअर. हिशेबाने करंट ४१०, मग १००० ची ट्रिप कशी? आणि तीनदातून दोनदाच का?

क्लॅम्प मीटर जो आकडा दाखवतो तो आरएमएस, सरासरी धरलेला. डेल्टा जोडताना पहिल्या अर्ध्या सायकलचं शिखर त्याच्या खूप वर जातं. वेव्हच्या कुठल्या बिंदूला कॉन्टॅक्टर मिटतो त्यावर शिखर किती उंच ते ठरतं, आणि ४१० आरएमएसला ते सहज हजाराला टेकू शकतं. यात भर पडते ती मधल्या खंडाची. स्टार सुटतो आणि डेल्टा लागतो यांत साधारण पन्नास मिलिसेकंदांची फट असते. ती असायलाच हवी, कारण दोन्ही कॉन्टॅक्टर एकदम मिटले तर तीन फेजचा थेट शॉर्ट. पण त्या फटीत रोटरमधलं चुंबकत्व मरत नाही. मोटर स्वतःच जनरेटर होऊन व्होल्टेज देत राहते, तिच्या स्वतःच्या वेगाच्या फ्रिक्वेन्सीने. ८५० आरपीएमला ती फ्रिक्वेन्सी २८ हर्ट्झ, लाइनची ५०. पन्नास मिलिसेकंदांत दोघांमधला कोन जवळपास पूर्ण चक्कर मारतो, म्हणून कॉन्टॅक्टर थोडा लवकर किंवा उशिरा मिटला की कोन बराच बदलतो. सरळ जुळला तर झटका कमी. उलटा आला तर दोन्ही व्होल्टेज एकमेकांत भर घालतात आणि एमसीसीबी उडतो. नशिबाचा खेळ दिसत होता तो हा.

१४५५ ला हाच फरक दीड हर्ट्झचा राहतो. पन्नास मिलिसेकंदांत मोटर फक्त २७ अंश मागे पडते. खेळ संपला, आता कोन दर वेळी ठरलेला.

आणि इथेच जोडणीचा मुद्दा येतो. डेल्टात वाइंडिंगवर येणारं व्होल्टेज स्टारमधल्या व्होल्टेजच्या तीस अंश पुढे असू शकतं किंवा तीस अंश मागे. दोन्ही जोडण्यांत मोटर त्याच दिशेने फिरते, म्हणून चूक कोणाला दिसत नाही. पण मोटर तर फटीत मागे पडलेली असते. डेल्टाही तीस अंश मागे असेल तर दोघं जवळपास जुळतात. पुढे असेल तर तफावत सत्तावन्न अंशांवर जाते आणि झटका उगीच मोठा बसतो.

मोटरच्या तीन वाइंडिंगची सुरुवातीची टोकं यू१, व्ही१, डब्ल्यू१ आणि शेवटची यू२, व्ही२, डब्ल्यू२. फेजचा क्रम आर-वाय-बी असेल तर चांगली जोडणी अशी: आर फेज यू१ आणि व्ही२ ला, वाय फेज व्ही१ आणि डब्ल्यू२ ला, बी फेज डब्ल्यू१ आणि यू२ ला. आतेभावाच्या पॅनेलमध्ये उलटी होती, यू१ सोबत डब्ल्यू२. वायरमनची पूर्ण चूकही म्हणता येणार नाही. टर्मिनल बॉक्समधल्या उभ्या पट्ट्या डीओएलसाठी याच जोड्या करतात आणि त्याने तेच चित्र कॉन्टॅक्टरवर उतरवलं. डीओएलला त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे फटच नाही.

बदलताना दोन गोष्टी. मेन बंद करून कुलूप लावा, टेस्टरवर विसंबू नका, मीटरने शून्य तपासा, मगच बॉक्स उघडा. आणि आधी फेज सीक्वेन्स मीटरने क्रम बघा. मोटर उलटी फिरली म्हणून कोणी मागे दोन फेज बदलले असतील तर वरच्या जोड्याही बदलतात. शिवाय यू२, व्ही२, डब्ल्यू२ या तिन्ही वायरी एकत्र सरकवायच्या. दोनच बदलल्या तर एखाद्या वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज येतो. मग स्टारमध्ये सगळं छान, डेल्टात गेल्यावर मोटर घुमते आणि तीन फेजचे करंट एकमेकांशी जुळत नाहीत. असं दिसलं की लगेच बंद करा, शोध तिथेच संपतो.

पॅनेल उघडंच होतं म्हणून ओव्हरलोड रिले बघितला. ६६ वर सेट. पण तो बसवलेला होता मेन कॉन्टॅक्टरखाली, यू१-व्ही१-डब्ल्यू१ कडे जाणाऱ्या वायरींवर, जिथे डेल्टात लाइनचा नाही, वाइंडिंगचा करंट वाहतो. तिथे ६६ गुणिले ०.५८, म्हणजे ३८ हवं. इतके महिने ती मोटर जवळजवळ विनासंरक्षण चालली होती. रिले येणाऱ्या मेन लाइनवर असता तर ६६ बरोबर ठरलं असतं, म्हणून आकडा बघण्याआधी रिले कुठे बसला आहे ते बघा.

आता सॉफ्ट स्टार्टरचं. आतेभावाचा प्रश्न रास्त होता, "मग तो घेतला असता तर हे सगळं सुटलं असतं ना?" काही सुटलं असतं, काही नाही.

सॉफ्ट स्टार्टरमध्ये प्रत्येक फेजला उलटसुलट जोडलेले थायरिस्टर असतात. ते प्रत्येक अर्ध्या सायकलचा सुरुवातीचा तुकडा कापून मोटरला कमी व्होल्टेज देतात आणि मग कापणं हळूहळू कमी करत जातात. स्टार सुटून डेल्टा लागण्याची फट नाही, म्हणून तो धाडकन आवाज नाही, बेल्टला धक्का नाही. पण मोटर पहिल्यापासून डेल्टातच असते. म्हणजे वर सांगितलेल्या दोन घटींपैकी फक्त व्होल्टेजची घट मिळते, जोडणीची नाही. त्यामुळे स्टारइतकाच, एक तृतीयांश टॉर्क हवा असेल तर स्टार १४३ अँपिअर घेतो आणि सॉफ्ट स्टार्टर २४८. करंट लिमिट साडेतीन पट, म्हणजे २३० वर ठेवली तर सुरुवातीचा टॉर्क २९ टक्के, स्टारपेक्षाही थोडा कमी. "सॉफ्ट स्टार्टर म्हणजे सगळ्यात कमी करंट" असं विक्रेता सांगतो तेव्हा त्याच्या समोर हे दोन आकडे ठेवा.

त्याचा खरा फायदा दुसरीकडे आहे. वेग वाढेल तसा तो व्होल्टेज वाढवत नेतो, म्हणून स्टार जिथे ११३० ला अडकला तिथून तो पुढे सरकला असता, पण तेवढा सगळा वेळ २३० किंवा जास्त अँपिअर ओढत. दिवे झटक्याने नाही, तर वीस-पंचवीस सेकंद मंद राहिले असते. डॅम्पर बंद करता येत नसेल, बेल्ट किंवा गिअरबॉक्स वारंवार तुटत असेल, किंवा पंप बंद करताना पाइपात पाण्याचा दणका बसत असेल, तर मी सॉफ्ट स्टार्टरच सांगेन. घेतलात तर पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर त्याच्या मोटरकडच्या बाजूला राहता कामा नये, थायरिस्टर उडतात. आणि कमी करंटमध्ये भरपूर टॉर्क हवा, कन्व्हेयर किंवा भरलेला क्रशर उचलायचा, तर दोन्ही उपयोगाचे नाहीत. तिथे व्हीएफडी, जो फ्रिक्वेन्सीच खालून वर नेतो.

आतेभावाला एक शंका होती की चौदा सेकंद स्टार्ट म्हणजे बिल वाढेल. नाही वाढत. दिवसातून एकदा चौदा सेकंद युनिटच्या हिशेबात कुठे दिसतही नाहीत, आणि डिमांडचं मीटर क्षणाचा नाही, काही मिनिटांची सरासरी धरतं.

डॅम्पर पुन्हा उघडा राहू नये म्हणून दांड्याशी एक लिमिट स्विच बसवला आणि त्याचा संपर्क स्टार्टच्या बटणासोबत सीरिजमध्ये घेतला. डॅम्पर बंद नसेल तर बटण दाबून काही होतच नाही. लॅचिंगच्या वायरीत मात्र तो घेतला नाही, नाहीतर चालू झाल्यावर डॅम्पर उघडताच ब्लोअर बंद पडला असता. डेल्टा कॉन्टॅक्टरचे संपर्क बदलले. दोन्ही कॉन्टॅक्टरमधलं मेकॅनिकल इंटरलॉक हाताने दाबून तपासलं, एक दाबलेला असताना दुसरा दबला नाही.

सगळं झाल्यावर पाच वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत सुरू करून बघितलं. चेंजओव्हरला नुसतं "ठक्", क्लॅम्प मीटरचा इनरश आकडा दोनशेच्या खाली. पाचव्यांदा शेजारचा लेथवाला दारात येऊन उभा राहिला. "आज बंद आहे का ब्लोअर?" ब्लोअर तेव्हा पूर्ण वेगात चालू होता. मॅग्नेटिक सेटिंग एक खूण खाली आणून मी पॅनेलचं दार लावलं.